निर्देश की अट? केंद्राच्या निधीतून राज्यावर नियंत्रण नेमकं कसं चालतं

प्रश्न : केंद्र सरकार राज्याला 'हे करा' असा थेट आदेश देऊ शकतं का? तमिळनाडूने केंद्राच्या पीएम श्री शाळा योजनेच्या करारावर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या दुसऱ्या योजनेचे पैसे अडवले, ते राज्यघटनेच्या कलम 256 खाली का? आणि सही नाही केली तर पैसा नेमका कुठे अडकतो, राज्याच्या हातात काय उरतं?

उत्तर :

तमिळनाडूचे पैसे कलम 256 खाली अडवलेले नाहीत, आणि तसे अडवताही आले नसते. या कलमाची कक्षा लोक समजतात त्यापेक्षा बरीच अरुंद आहे. संसदेने केलेल्या कायद्यांचं पालन होईल अशा रीतीने राज्याने आपला कारभार चालवायचा, आणि त्यासाठी आवश्यक वाटतील ते निर्देश भारत सरकार राज्याला देऊ शकतं, एवढंच त्यात आहे. म्हणजे निर्देशाच्या पाठीशी संसदेचा कायदा असावा लागतो. पीएम श्रीच्या करारात जे राबवण्याची हमी मागितली आहे, ते राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 हा कायदा नाही. 29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं ते धोरण आहे. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालला हे धोरण राबवायला लावा, अशी मागणी करणारी याचिका मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली. राज्यांना आम्ही थेट सक्ती करू शकत नाही, राज्याच्या कृतीमुळे किंवा निष्क्रियतेमुळे मूलभूत हक्कांवर गदा येत असेल तरच हस्तक्षेप करू, अशी न्यायालयाची भूमिका होती.

कलम 257 त्याच्या शेजारचं. केंद्राच्या कारभारात राज्याने अडथळा आणू नये, लष्करी किंवा राष्ट्रीय महत्त्वाचे दळणवळण मार्ग नीट ठेवावेत, हद्दीतल्या रेल्वेचं संरक्षण करावं, अशा ठरावीक गोष्टींपुरते निर्देश त्याखाली देता येतात. दळणवळण आणि रेल्वेबाबतच्या निर्देशांमुळे राज्याचा नेहमीपेक्षा जादा खर्च झाला तर तो केंद्राने द्यायचा असतो, आणि रकमेवर एकमत झालं नाही तर भारताचे सरन्यायाधीश लवाद नेमतात.

या निर्देशांना धार येते ती कलम 365 मुळे. निर्देश पाळला नाही तर त्या राज्यात घटनात्मक यंत्रणा कोलमडली आहे असं राष्ट्रपतींना मानता येतं, आणि तिथून राष्ट्रपती राजवटीचा रस्ता सुरू होतो. पण 1994 च्या बोम्मई निकालानंतर राष्ट्रपती राजवट न्यायालयात तपासली जाते. त्यामुळे एखाद्या योजनेच्या वादासाठी हे हत्यार कुणी बाहेर काढत नाही. सरकारिया आयोगानेही 1988 च्या अहवालात हेच सांगितलं होतं : बाकी सगळे मार्ग संपल्यावरच 256 आणि 257 चे निर्देश द्यावेत.

निर्देश व्यवहारात येतात ते एखाद्या विशिष्ट कायद्यातल्या कलमातून. मार्च 2020 ची टाळेबंदी आठवा. गृह मंत्रालयाचा तो आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 10 खाली निघाला होता आणि राज्यांना बंधनकारक होता. म्हणून दिल्लीहून पत्र आलं की त्यातली भाषा किती कडक आहे हे बघत बसू नका, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम उद्धृत केलंय ते शोधा. 'मला असे कळवण्याचे निर्देश आहेत' अशी सुरुवात तर प्रत्येक अवर सचिवाच्या पत्राची असते. तो निर्देश त्याला त्याच्या वरिष्ठाने दिलेला असतो, राज्याला नव्हे. कलम दिसलं नाही तर ते पत्र सल्ला आहे, किंवा पैशाची अट. तुमच्या प्रश्नातला सगळा मामला अटीचा आहे.

अट उभी राहते ती कलम 282 वर. 'कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी' केंद्राला अनुदान देता येतं, मग तो विषय संसदेच्या कायदे करण्याच्या अधिकारात असो वा नसो. आरोग्य, शेती, पाणी हे राज्यसूचीतले विषय, तरी केंद्राच्या योजना तिथे चालतात त्या याच आधारावर. खासदार निधीच्या वादात, भीम सिंग खटल्यात, 2010 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या कलमाचा अर्थ रुंदच ठेवला. यातून एक विलक्षण स्थिती तयार होते. जे निर्देश म्हणून सांगता येत नाही, ते अट म्हणून मागता येतं. निर्देशाला कायदा लागतो, अटीला राज्याची सही पुरते. आणि सही न करण्याची मोकळीक कागदावर पूर्ण असली, तरी त्या पैशावर शाळांमधल्या माणसांचे पगार चालत असतील तर ती मोकळीक किती खरी, हे तुम्हीच ठरवा.

केंद्र पुरस्कृत योजनांची आजची चौकट 2015-16 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशींवरून बसली. गाभा योजनांमध्ये बहुतेक राज्यांसाठी केंद्र 60, राज्य 40, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी 90 आणि 10. या 40 टक्क्यांचा परिणाम लोक विसरतात. अट केंद्राच्या 60 रुपयांवर आलेली दिसते, पण तिच्यामागे राज्याचे स्वतःचे 40 रुपयेही बांधले जातात, कारण राज्य हिस्सा त्याच योजनेच्या त्याच बाबींवर खर्च करावा लागतो.

अट कुठे लिहिलेली आहे यावर तिचं वजन ठरतं. सर्वांत वर योजनेच्या मार्गदर्शक सूचना. त्याखाली सामंजस्य करार, जर त्या योजनेत असेल तर. मग वार्षिक आराखड्याला मान्यता देणाऱ्या मंडळाचं इतिवृत्त. समग्र शिक्षात हे प्रकल्प मान्यता मंडळ, आणि कोणत्या बाबीला किती रक्कम हे त्याच इतिवृत्ताच्या तक्त्यांमध्ये असतं. शेवटी हप्त्याचा मंजुरी आदेश, ज्यात रक्कम लेखाशीर्ष 3601 खाली केंद्राकडून सुटते आणि राज्याकडे 1601 खाली जमा होते. मंजुरी आदेश दोन-तीन पानांचाच असतो, पण त्याच्या शेवटच्या परिच्छेदांत 'हा निधी पुढील अटींच्या अधीन' असं असतं, आणि नवी अट बहुधा तिथेच गुपचूप शिरते. ती वरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नसेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत घ्यावी. पैसे घेतले, खर्च केले आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात हरकत घेतली, तर कुणी ऐकत नाही.

आता पैसा अडकतो कुठे, ते पाहू. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या मार्च 2021 च्या आदेशाने प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच नोडल संस्था आणि तिचं एकच बँक खातं आलं. त्या खात्यातली हालचाल दिल्लीला पीएफएमएस या सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर दिसते. महाराष्ट्रात समग्र शिक्षा राबवते ती महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. त्याच आदेशाने दोन नळ बसवले. एका वेळी वर्षाच्या केंद्र हिश्श्याच्या 25 टक्क्यांहून जास्त सुटत नाही. आणि पुढचा हप्ता मागायचा तर राज्य हिस्सा खात्यात आलेला असावा, शिवाय आधी आलेल्या एकूण रकमेपैकी किमान 75 टक्के खर्च झालेली असावी.

समजा एका योजनेत एका राज्याचा वर्षाचा केंद्र हिस्सा 600 कोटी आणि राज्य हिस्सा 400 कोटी. पहिला हप्ता जास्तीत जास्त 150 कोटी. त्याच्या प्रमाणात राज्याने 100 कोटी टाकायचे. खात्यात 250 कोटी झाले. दुसरा हप्ता हवा तर त्यातले 187.5 कोटी प्रत्यक्ष खर्ची पडलेले दिसले पाहिजेत. आता राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद कमी पडली आणि 100 कोटी हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागणीवर अवलंबून राहिले, तर दुसरा हप्ता डिसेंबरपर्यंत मागताच येत नाही. इथे केंद्राने काही 'अडवलेलं' नसतं. गणितच पुढे सरकत नाही. जिल्ह्यांनी पैसे काढून खालच्या समित्यांच्या खात्यांत ठेवले पण देयकं नोंदवली नाहीत, तरी हेच होतं. मागच्या वर्षीची शिल्लक पडून असेल तर तीही हप्ता ठरवताना मोजली जाते.

राज्याच्या तिजोरीत आलेला केंद्र हिस्सा नोडल खात्यात टाकायला उशीर झाला तर दंडही आहे. 1 एप्रिल 2023 पासून 30 दिवसांच्या वरच्या प्रत्येक दिवसाला वार्षिक 7 टक्के दराने व्याज. वरच्या उदाहरणातले 150 कोटी 50 दिवसांनी वळवले तर उशीर 20 दिवसांचा, आणि व्याज साधारण 57 लाख रुपये. रोखीची ओढाताण असलेल्या राज्यांनी केंद्राचा हप्ता महिनाभर पगारासाठी वापरायचा, ही जुनी सवय या एका कलमाने मोडली. जुलै 2023 पासून 'एसएनए-स्पर्श' ही त्यापुढची पायरी आली. तिच्यात पैसा आधी खात्यात येतच नाही. केंद्राचं मंत्रालय वर्षाच्या मर्यादेची 'मूळ मंजुरी' काढतं, आणि कोषागारातून देयक निघतं त्या क्षणी केंद्राचा व राज्याचा हिस्सा रिझर्व्ह बँकेतल्या आपापल्या खात्यांतून एकदमच वजा होतो. पडून राहिलेल्या पैशावरचं व्याज वाचतं, हे खरंच चांगलं झालं. पण नळाची तोटी दिल्लीच्या हातात अधिक घट्ट गेली हेही तितकंच खरं. पूर्वी वाद झाला तरी खात्यातल्या शिलकीवर तीन-चार महिने निघत. आता शिल्लकच नसते.

म्हणून हप्ता आला नाही की आधी ओळखायचं की हा गणिताचा अडथळा आहे की अटीचा. ओळख सोपी आहे. गणिताचा अडथळा असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र, राज्य हिस्सा, खर्चाची टक्केवारी याबद्दल विशिष्ट त्रुटी लिहून येते आणि ती दूर केली की हप्ता सुटतो. अटीचा असेल तर सगळे कागद पूर्ण असूनही प्रस्ताव 'विचाराधीन' राहतो, किंवा त्रुटीच्या जागी दुसऱ्याच योजनेचं नाव येतं.

तमिळनाडूत नेमकं हेच झालं. पीएम श्री ही सप्टेंबर 2022 मध्ये मंजूर झालेली वेगळी योजना आहे : 14,500 हून अधिक शाळा, पाच वर्षं, एकूण 27,360 कोटी, त्यात केंद्राचे 18,128 कोटी. तिच्यात शिरायचं तर आधी करार, आणि करारात राज्याने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संपूर्णपणे राबवण्याची हमी द्यायची. एका विकास गटातून जास्तीत जास्त दोन शाळा निवडल्या जाणार, पण हमी मात्र अख्ख्या राज्याच्या शिक्षणाची. हा तोल मुळातच बिघडलेला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. समग्र शिक्षा ही 2018-19 पासूनची जुनी योजना, तिच्यात 2024-25 साठी तमिळनाडूचा मान्य आराखडा सुमारे 3,586 कोटींचा होता. त्याचे 60 टक्के म्हणजे सुमारे 2,152 कोटी केंद्राने द्यायचे. पहिला हप्ता 573 कोटींचा. तो आला नाही.

राज्याची चूक कुठे झाली तेही बघा. 15 मार्च 2024 रोजी राज्याच्या मुख्य सचिवांनी केंद्राला लिहून दिलं की आम्ही समिती नेमली आहे, तिच्या शिफारशींवरून नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी करार करू. पुढे धोरणाचा परिच्छेद वगळून राज्याने सुधारित मसुदा पाठवला, पण तोवर ते पत्र केंद्राच्या हातात पुरावा म्हणून गेलं होतं, आणि संसदेतल्या वादातही ते बाहेर आलं. हप्ता सुटावा म्हणून घाईत दिलेली हमी ही सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे. मंत्रिमंडळाचा निर्णय नसताना सचिव पातळीवरून 'तत्त्वतः मान्य' असं काहीही जाऊ देऊ नये. केरळने 23 ऑक्टोबर 2025 रोजी सही केली, सत्ताधारी आघाडीतच विरोध झाला, आणि आठवड्याच्या आत उपसमिती नेमून अंमलबजावणी थांबवल्याचं केंद्राला कळवायची वेळ आली. सही आधी आणि चर्चा नंतर, याचा हा नमुना.

मे 2025 मध्ये तमिळनाडूने केंद्र-राज्य वादांसाठीच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मागणी सुमारे 2,291 कोटींची, म्हणजे मूळ 2,152 कोटी आणि त्यावरचं 6 टक्के दराचं व्याज. त्यातला कळीचा मुद्दा असा की एका योजनेची अट दुसऱ्या योजनेच्या पैशाला लावता येत नाही. युक्तिवाद म्हणून तो मजबूत आहे. पण 131 चा दावा म्हणजे कागदपत्रं, मुद्दे, पुरावे असा सगळा दिवाणी प्रवास. पगार थकलेल्या माणसाला त्यातून याच वर्षी काही मिळेल अशी आशा धरू नये.

त्याच वादातली मद्रास उच्च न्यायालयाची जून 2025 ची भूमिका व्यवहारात जास्त उपयोगी आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 7 प्रमाणे निधीची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांची आहे. खासगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांची प्रतिपूर्ती त्या कायद्यातून येते, म्हणून तो भाग धोरणाच्या किंवा कराराच्या अटीला जोडायची गरज नाही, असं न्यायालयाने म्हटलं. यातून राज्याने शिकायचं ते हे : आराखड्यातली प्रत्येक बाब दोन रकान्यांत लावा. एका रकान्यात कायद्याने देणं बंधनकारक असलेली, दुसऱ्यात निव्वळ योजनेतली. पहिल्या रकान्याची मागणी वेगळ्या पत्राने, वेगळ्या रकमेसह करा. सगळं एकाच प्रस्तावात ठेवलं की कायद्याचा हक्कही योजनेच्या अटीखाली गाडला जातो.

पण कायदा असला म्हणजे केंद्राचा हात बांधला गेला असंही नाही; कधी कधी अडवण्याचा अधिकार कायद्यातच असतो. मनरेगा कायदा 2005 च्या कलम 27 मध्ये केंद्राला निर्देश देण्याचा अधिकार होता, आणि निधीच्या गैरवापराची तक्रार आल्यास चौकशी करून, गरज पडल्यास, निधी थांबवण्याचाही. पश्चिम बंगालचा निधी 9 मार्च 2022 पासून याच कलमाखाली थांबला. मात्र त्याच कलमात 'वाजवी मुदतीत' योजना पूर्वपदावर आणण्यासाठी उपाय करण्याचं बंधनही होतं, आणि केंद्राची बाजू तिथे घसरली. चौकशी चालू ठेवा, खास अटी घाला, पण योजना अनिश्चित काळ गोठवता येणार नाही, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये सांगितलं आणि 1 ऑगस्टपासून कामं सुरू करायला लावली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची याचिका फेटाळली. तीन वर्षांहून अधिक काळ मजुरांचं काम बंद राहिलं ते राहिलंच. त्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला, आणि बहुतेक राज्यांवर आता 40 टक्के हिस्सा आला. म्हणजे पूर्वी अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर होता, तो जाऊन वर सांगितलेलं 60-40 चं गणित इथेही लागू झालं.

महाराष्ट्राचा संदर्भ इथे खरोखर लागतो. राज्याचा रोजगार हमी कायदा 1977 चा. मनरेगाच्या कलम 28 मध्ये अशी सोय होती की राज्याचा स्वतःचा कायदा केंद्रापेक्षा कमी हक्क देत नसेल, तर राज्याला तोच राबवता येईल. महाराष्ट्राने आपला कायदा त्याला जुळवून घेतला : पहिले 100 दिवस केंद्राच्या पैशातून, त्यापुढची हमी राज्याच्या. त्यामुळे मजुराचा हक्क दिल्लीच्या मंजुरी आदेशावर पूर्ण अवलंबून राहिला नाही; केंद्राचा पैसा लांबला तरी देणेकरी म्हणून राज्य समोर उभं होतं. ज्या योजनेत माणसांची उपजीविका अडकलेली आहे तिथे राज्याचा स्वतःचा कायदा आणि स्वतःचं लेखाशीर्ष असणं, ही केंद्राच्या अटींविरुद्धची सर्वांत टिकाऊ सोय आहे. ती महाग आहे, हे उघडच. म्हणून ती दोन-चार विषयांपुरतीच परवडते.

उरला प्रश्न, हप्ता अडकलेल्या काळात राज्याने काय करायचं. राज्य हिस्सा थांबवू नये; तो थांबवला की केंद्राला गणिताचं आयतं कारण मिळतं. पगार आणि पाठ्यपुस्तकं यांसारख्या बाबी राज्य निधीतून चालवताना खर्च मान्यता मंडळाच्या इतिवृत्तातल्या बाबींच्या आणि दरांच्या आतच ठेवावा, आणि वेगळ्या उपशीर्षाखाली नोंदवावा. पुढे दावा जिंकला किंवा तडजोड झाली, तर मान्य बाबीवरचा नोंदवलेला खर्चच मागता येतो. सर्वसाधारण खर्चात मिसळलेला कुणी भरून देत नाही. केंद्राच्या प्रत्येक पत्राला परिच्छेदवार उत्तर द्यावं : हे मान्य, हे या बदलासह मान्य, हे अमान्य आणि त्याचं कारण हे. आणि न्यायालयात जाताना एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरकार विरुद्ध सरकार असा दावा कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयातच जातो आणि रेंगाळतो. ज्याचं वेतन, प्रवेश किंवा मजुरी अडली आहे ती व्यक्ती किंवा तिची संघटना मात्र कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाऊ शकते. बंगालचा निकाल लागला तो मजुरांच्या संघटनेने दाखल केलेल्या याचिकेवर.